एक कुठे गेला?

दिवाळीच्या आधी रांगोळीच्या दुकानात ठिपक्यांचा कागद मिळतो. भोके पाडलेला जाड कागद. तो अंगणात पसरायचा, वरून रांगोळीची भुकटी फिरवायची आणि अलगद उचलायचा. खाली ठिपक्यांच्या सरळ ओळी उमटतात, उभ्याआडव्या आणि सारख्या अंतरावर. आमच्याकडे आत्या असा कागद घरीच करायची, उदबत्तीच्या पेटत्या टोकाने एकेक भोक पाडून. या लेखासाठी तो कागद किंवा चौकटींची वही जवळ असली तर बरे. नसली तर पाठकोऱ्या कागदावर सात ओळींत सात-सात ठिपके काढले तरी चालतील.

डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका धरा. त्याला क म्हणू. तिथून सहा घरे उजवीकडे आणि दोन घरे वर गेलात की ख येतो. क आणि ख सरळ रेघेने जोडा. ख पासून एक घर डावीकडे, चार वर, तो ग. ग पासून दोन डावीकडे, तीन खाली, तो घ. घ पासून तीन डावीकडे, दोन वर, तो च. आणि च पासून पाच घरे सरळ खाली आले की परत क. मांजराच्या तोंडासारखे काहीतरी होते, एक कान मोठा, दुसरा लहान, मधे खाच. आता या आकृतीत रंग भरायचा आहे. जागा किती चौकटींची?

शाळेत आलेखाच्या कागदावर क्षेत्रफळ मोजायची जी रीत शिकवतात ती बहुतेकांना आठवत असेल. पूर्ण चौकटी मोजायच्या, अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर तो एक धरायचा, अर्ध्याहून लहान असेल तर सोडून द्यायचा, बरोबर अर्धा असेल तर अर्धा. आपल्या मांजरात पूर्ण चौकटी फक्त १० आहेत आणि तुटक्या १८. म्हणजे अठरा वेळा डोळे बारीक करून ठरवायचे, हा अर्ध्यापेक्षा जास्त का कमी. मी ते केले. उत्तर १९ आले, आणि पुढे दिसेल की खरे उत्तरही १९च आहे. हा निव्वळ योग. शाळेच्या रीतीचा पाय कुठे घसरतो ते पाहायचे तर एका ठिपक्यापासून दोन घरे उजवीकडे, एक वर जा. तिथून एक उजवीकडे, एक वर. आणि तिथून थेट पहिल्या ठिपक्याकडे परत या. सुरीच्या पात्यासारखा चिंचोळा त्रिकोण होतो. तो ज्या ज्या चौकटीतून जातो तिथे त्याचा तुकडा अर्ध्याहून लहानच आहे. शाळेच्या नियमाने सगळे सोडून द्यायचे, म्हणजे क्षेत्रफळ शून्य! कागदावर तर त्रिकोण दिसतो आहे.

आता दुसरी रीत. चौकटींकडे पाहायचेच नाही, ठिपके मोजायचे. मांजराच्या कडेवर किती ठिपके आहेत? पाच कोपरे तर आहेतच. क-ख या रेघेवर बरोबर मधे एक ठिपका येतो. च-क या उभ्या रेघेवर मधे चार येतात. बाकीच्या तीन रेघा कुठल्याच ठिपक्याला शिवत नाहीत. एकूण १०. आत किती? खालून एकेक ओळ घ्या: दोन, पाच, चार, तीन, एक. एकूण १५. आता कडेच्या ठिपक्यांचे निम्मे करा, त्यात आतले मिळवा आणि एक वजा करा:

क्षेत्रफळ = आतले ठिपके + (कडेचे ठिपके ÷ २) − १

१५ + ५ − १ = १९. पात्यासारख्या त्रिकोणात आत एकही ठिपका नाही आणि कडेवर फक्त तीन कोपरे, म्हणून ०ला दीड मिळवून एक वजा, अर्धी चौकट. बरोबर अर्धी, अंदाजाने नव्हे.

शंकेखोरांनी मांजराचा पडताळा असा घ्यावा. सहा बाय सहाच्या चौकोनात ते बसते, म्हणजे एकूण ३६ चौकटी. खालचा काटकोन त्रिकोण सहा लांब, दोन उंच, म्हणून ६. उजवीकडचा एक रुंद, चार उंच, म्हणून २. वरची कानांमधली जागा उभी चिरली की डावीकडे ६ आणि उजवीकडे ३ निघतात. ३६ मधून हे १७ गेले, उरले १९.

हा नियम गेओर्ग पिक या गणितज्ञाचा. जन्म १८५९ साली व्हिएन्नात, पण नोकरीचा जवळजवळ सगळा काळ प्रागच्या जर्मन विद्यापीठात गेला. नियम छापला १८९९ साली, तिथल्याच एका विज्ञानमंडळाच्या नियतकालिकात, छोट्याशा लेखात. क्षेत्रफळ मोजायची युक्ती सांगणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हताच. पूर्णांकांच्या विभाज्यतेबद्दलच्या गोष्टी ठिपक्यांच्या चित्रांतून सिद्ध करता येतात हे त्यांना दाखवायचे होते. लेख बराच काळ पडून राहिला. पुढे ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाच्या लोकप्रिय पुस्तकातून तो सगळीकडे पोचला. आइन्स्टाइन १९११ मध्ये प्रागला प्राध्यापक म्हणून आले, त्या नेमणुकीच्या समितीत पिक होते आणि पुढे दोघांची चांगली गट्टी जमली. पिक ज्यू होते. वयाच्या ८२व्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, नाझींनी त्यांना टेरेझिनच्या छळछावणीत नेले आणि तेरा दिवसांत ते तिथे वारले. आपला नियम जगभर शिकवला जाईल हे त्यांना दिसले नाही.

नियमातले पहिले दोन भाग मनाला पटकन पटतात. प्रत्येक ठिपक्याभोवती एक चौकटीएवढी जागा त्याच्या मालकीची समजा, ठिपका मधोमध. ठिपका आकृतीच्या आत असेल तर त्याची सगळी जागा आकृतीची. ठिपका कडेच्या रेघेवर असेल तर रेघ त्या जागेचे बरोबर दोन भाग करते, अर्धी आत, अर्धी बाहेर. म्हणून आतल्यांचा एक-एक आणि कडेच्यांचा अर्धा-अर्धा. हिशोब इथेच संपायला हवा होता. पण मांजराचे या हिशोबाने २० होतात, आणि आहेत १९. एक जास्तीचा आला कुठून? मला या नियमात सगळ्यात आवडतो तो हा वजा एक, कारण बहुतेक पुस्तके तो नुसता लिहून मोकळी होतात.

तो दडला आहे कोपऱ्यांत. साधी एक चौकट घ्या. चार ठिपके, चारही कोपऱ्यांवर. कोपऱ्यावरच्या ठिपक्याची अर्धी नाही, पावच जागा आकृतीत येते, कारण तिथला कोन ९० अंशांचा आणि पूर्ण फेरा ३६० अंशांचा. आपण मात्र त्याला सरसकट अर्धा धरला. प्रत्येक कोपऱ्यावर पाव जास्त मोजले, चार कोपऱ्यांचा मिळून एक जास्त झाला. तोच वजा करायचा.

चौकटीचे ठीक आहे, पण मांजराचे कोपरे वेडेवाकडे आहेत आणि घ पाशी तर कोपरा आत वळला आहे. तिथेही नेमका एकच कसा? इथे एक मुंगी कामाला लावू. ती कडेकडेने चालते आहे, रंगाचा भाग सतत डाव्या हाताला ठेवून. सरळ रेघेवर ती वळत नाही, आणि तिथे ठिपक्याला अर्धा धरणे बरोबरच असते. कोपऱ्यावर ती वळते. जितकी वळते तितकाच आतला कोन १८० अंशांपेक्षा कमी, आणि तितकेच आपण जास्त मोजलेले. काटकोनात पाव फेरा वळली, पाव जास्त. टोकदार कोपऱ्यावर जास्त वळली, चूक जास्त. घ पाशी ती उलट्या बाजूला वळते, कारण तिथला आतला कोन १८० अंशांहून मोठा आहे; तिथे आपण अर्धा धरून उलट कमी मोजले, म्हणजे चूक उणे दिशेने. सगळी वळणे जमेला धरून मुंगी क पाशी परत येते, पुन्हा पहिल्याच दिशेला तोंड करून. तोवर तिची एक प्रदक्षिणा पुरी झालेली असते. कोपरे पाच असोत की पन्नास, वळणांची बेरीज पूर्ण एक फेरा. म्हणून जास्तीचे मोजणेही पूर्ण एक.

पण एवढ्याने सिद्धता होत नाही. तिरप्या रेघा ठिपक्यांच्या मालकीच्या जागा वाटेल तशा कापत जातात. रेघेजवळच्या आतल्या ठिपक्याच्या जागेचा तुकडा बाहेर जातो, बाहेरच्या ठिपक्याचा तुकडा आत येतो. ही देवघेव शेवटी फिटते का? फिटते. प्रत्येक ठिपक्याला त्याच्या कोनाइतके वजन द्या: आतल्याला एक, रेघेवरच्याला अर्धा, कोपऱ्याला आतल्या कोनाच्या प्रमाणात. आकृती दोन तुकड्यांत कापली तर ही वजने तुकड्यांत वाटली जातात, हरवत नाहीत, कारण एका ठिपक्यापाशचे कोन एकमेकांना पूरक असतात. उभ्याआडव्या आयतात वजनांची बेरीज क्षेत्रफळाएवढी असते हे वरच्या चौकटीवरून उघड आहे. त्या आयताचा तिरपा कर्ण काढला की दोन काटकोन त्रिकोण होतात. कागद अर्धा फेरा फिरवला तर एक त्रिकोण दुसऱ्याच्या जागी जातो आणि ठिपके ठिपक्यांवरच बसतात. म्हणून दोघांची वजने सारखी, आयताच्या निम्मी. वाटेल तो त्रिकोण म्हणजे आयतातून काही काटकोन त्रिकोण, कधी जोडीला एखादा लहान आयत, काढून उरलेला भाग. आणि वाटेल ती बहुभुज आकृती त्रिकोणांत चिरता येते. एवढ्या पायऱ्या. सहनिर्देशक कुठेच लागले नाहीत.

प्रत्यक्ष मोजताना चूक होते ती बहुतेक वेळा कडेवर. आतले ठिपके ओळीओळीने मोजले की सहसा चुकत नाहीत. पण लांब तिरप्या रेघेवर ठिपका नक्की आहे की रेघ त्याला चाटून गेली, हे डोळ्यांना कळत नाही, विशेषतः पेन्सिल जाड असली तर. मांजरात क-ख वरचा मधला ठिपका आत धरला तर आतले १६, कडेचे ९, उत्तर साडेएकोणीस. अजिबात मोजला नाही तर साडेअठरा. दोन्ही उत्तरे दिसायला अगदी सभ्य. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, रेघेची घरे मोजावीत. क ते ख सहा आडवी, दोन उभी. ६ आणि २ यांचा मसावि २, म्हणून रेघेचे दोन सारखे भाग होतात आणि मधे एक ठिपका येतो. ख ते ग एक आणि चार, मसावि १, मधे ठिपका नाही. सहावीत शिकलेला मसावि पुढे कधी उपयोगी पडला नाही अशी तक्रार करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम नोंदवतो. पिकना ठिपक्यांमधून विभाज्यता दाखवायची होती ती अशी.

तरी शंका राहिली तर आकृती चिरून पाहावी. क ते घ अशी रेघ मारा. तीन आडवी, तीन उभी, मसावि ३, मधे दोन ठिपके. डावीकडच्या त्रिकोणात कडेवर ९, आत ४, म्हणजे ४ + ४½ − १ = ७½. उजवीकडच्या तुकड्यात कडेवर ७, आत ९, म्हणजे ९ + ३½ − १ = ११½. बेरीज १९. पहिल्यांदा मोजताना एखादा ठिपका निसटला असता तर तोच पुन्हा तसाच निसटेल असे क्वचित होते, आणि बेरीज जुळली नसती.

नियमाला काही अटी आहेत. सगळे कोपरे ठिपक्यांवर हवेत, कडा सरळ हव्यात. ठिपक्यांभोवती वळसे घेणाऱ्या रांगोळीचे क्षेत्रफळ याने मिळायचे नाही. आकृतीत भोक असले तरीही नियम चुकतो, पण तो कसा चुकतो ते मुंगीला विचारता येते. तीन बाय तीन घरांचा चौकोन घ्या आणि मधले घर कोरे सोडा. जागा आहे ८ घरांची. कडेचे ठिपके बाहेर १२ आणि भोकाभोवती ४, एकूण १६. आत एकही नाही. नियमाने ८ − १ = ७. एक कमी पडला. मुंगी बाहेरच्या कडेने एक प्रदक्षिणा घालते. भोकाच्या कडेने रंग डाव्या हाताला ठेवून चालली तर तिला उलटी प्रदक्षिणा घालावी लागते. दोन्ही एकमेकींना खोडतात, आणि वजा करायला काही उरत नाही. दोन भोके असतील तर एक मिळवायचा. दोन चौकटी एकाच कोपऱ्याने एकमेकींना टेकल्या असतील तर मात्र मुंगीला मधूनमधून चालायला लावू नये. सात ठिपके मोजून अडीच येते, आणि चौकटी तर दोनच आहेत. त्या दोन वेगळ्या आकृत्या समजून वेगळ्याच मोजायच्या.

नियमातून एक अनपेक्षित बंधनही निघते. ठिपक्यांवर कोपरे असलेल्या कुठल्याही आकृतीचे क्षेत्रफळ पूर्ण संख्या असते किंवा तिच्या पुढे अर्धा. पाव नाही, तिसरा भाग नाही. समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढायचे तर बाजूच्या वर्गाला √३ ने गुणून चारने भागतात. ठिपक्यांवर बाजूचा वर्ग नेहमी पूर्ण संख्या असतो, हे पायथागोरसमुळे, आणि √३ अपरिमेय. मग क्षेत्रफळ पूर्ण किंवा अर्धे कधीच येणार नाही. म्हणजे सरळ ओळींच्या ठिपक्यांवर समभुज त्रिकोण काढताच येत नाही, अंगण कितीही मोठे असो. जवळपासचा काढता येतो, खरा नाही.

रांगोळी काढणाऱ्यांना हे सिद्धतेशिवाय ठाऊक असावे. सहा पाकळ्यांचे कमळ किंवा षटकोनी चांदणी हवी असेल तर त्या ‘१५ ते ८’ असे ठिपके मांडतात. मधल्या ओळीत पंधरा, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, आठापर्यंत, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधे. तिथे शेजारचे तीन ठिपके समभुज त्रिकोण करतात. पिकचा नियम या मांडणीतही जसाच्या तसा चालतो, फक्त चौकटीच्या जागी चार शेजारच्या ठिपक्यांचा तिरपा समभुज चौकोन हे एकक धरायचे. सगळ्यात लहान त्रिकोणाचे कडेचे तीन, आतले शून्य, क्षेत्रफळ अर्धे. पाहा, तो त्या चौकोनाचा अर्धाच आहे.

साहजिकच पुढचा प्रश्न: ठिपके अंगणातून वर उचलून खोलीभर मांडले तर? उभे, आडवे आणि उंचीतही सारख्या अंतरावर. घनफळ असेच ठिपके मोजून काढता येईल? रीव्ह या इंग्रज गणितज्ञाने १९५७ साली दाखवले की नाही. जमिनीवरच्या एका चौकटीचे तीन कोपरे घ्या. चौथ्या कोपऱ्याच्या सरळ वर, दहाव्या घरावरचा ठिपका घ्या आणि चारही बिंदू जोडा. एक उंच, तिरपा, चार तोंडांचा सुळका होतो. त्याच्या आत एकही ठिपका नाही, कडांवर आणि पृष्ठांवर त्या चार कोपऱ्यांखेरीज एकही नाही. घनफळ दहा-षष्ठांश घन. आता वरचा ठिपका शंभराव्या घरावर न्या. घनफळ शंभर-षष्ठांश झाले, ठिपके तेच चार.